अदलाबदलीचे गणित : फक्त २७ वर संख्या सापडत नाही

दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल केली की ती २७ ने वाढते, तर ती संख्या कोणती? माझे म्हणणे असे की, एवढ्या माहितीवर एकच उत्तर मागणे चुकीचे आहे. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल, तर संख्या होते १०अ + ब. अनेक मुले इथे नुसते ‘अब’ लिहितात. पण बीजगणितात तो गुणाकार ठरतो आणि पुढचे सगळे बिघडते. अदलाबदलीनंतरची संख्या १०ब + अ. तिच्यातून मूळ संख्या वजा केली की ९(ब − अ) उरतात. ते २७ असतील, तर ब − अ = ३. म्हणजे २७ ने फक्त दोन अंकांमधले अंतर सांगितले, अंक सांगितले नाहीत. १४, २५, ३६, ४७, ५८, ६९ या सहाही संख्या अट पाळतात. संख्या २७ ने कमी होते असे म्हटले, तर याच उलटून ४१ ते ९६ मिळतात आणि ३० ही सातवी दारात उभी राहते. तिची ०३ होते, ती दोन अंकी धरायची की नाही हे प्रश्नानेच सांगायला हवे.

मग दुसरी अट हवी, पण ती खरोखर नवी हवी. बालभारतीच्या दहावीच्या बीजगणितात असे एक उदाहरण आहे: संख्या आणि अदलाबदलीची संख्या यांची बेरीज १४३, अंकांतला फरक ३ आणि एककाचा अंक मोठा. बेरीज ११(अ + ब) असल्याने अ + ब = १३. फरक ३ जोडला की ब = ८, अ = ५; संख्या ५८. तिथे १४३ ऐवजी ‘२७ ने वाढते’ असे दिले असते, तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे झाले असते आणि सहा उत्तरे तशीच राहिली असती. अंकांची बेरीज १२ दिली, तर उलट एकही उत्तर नाही, कारण ब साडेसात येतो. कोणी म्हणेल, सहाच संख्या आहेत, ताडून पाहाव्यात. जरूर पाहाव्यात. पण त्या सहाच आहेत, सातवी निसटलेली नाही, ही खात्री समीकरणामुळेच मिळते.

हे हिशेबाच्या वहीतही चालते. समजा, आटपाडीच्या डाळिंब सौद्यात ५८ क्रेट आले आणि वहीत ८५ पडले. बेरीज २७ ने फुगेल. फरकाला ९ ने निःशेष भाग जातो का हे पाहण्याची हिशेबनिसांची जुनी पद्धत इथूनच आली. तरीही भाग गेला म्हणून अदलाबदल सिद्ध होत नाही. २७ क्रेटची एखादी नोंद दोनदा चढली, तरी फरक तेवढाच येतो. म्हणून आधी २७ ची नोंद शोधावी, मग शेवटच्या दोन अंकांत ३ चे अंतर असलेल्या नोंदी मूळ पावतीशी ताडाव्यात. ३५८ चे ३८५ झाले, तरी फरक २७ च असतो; शतक आणि दशक उलटून ५८३ चे ८५३ झाले, तर तो २७० होतो.