मुलाखत-प्रतिलेखाची पुनर्रचना

ध्वनिमुद्रित मुलाखत ऐकून कालनोंदींसह तुटक ओळींत उतरविलेला मजकूर वक्त्यांच्या नावांनुसार सलग परिच्छेदांत मांडण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. मौखिक इतिहासाच्या संग्रहांत ती आवश्यक असते; कारण कालनोंद ध्वनिफितीतील जागा दाखविते, परंतु कोण बोलले ते सांगत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) या जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. या जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावातील एखाद्या दांपत्याच्या आठवणींचा प्रतिलेख, उदाहरणादाखल कल्पिल्यास, पुढीलप्रमाणे असेल :

[००:१२:०४] ३:५६ ला हादरा बसला तेव्हा
[००:१२:०७] तुम्ही कुठं होता
[००:१२:०९] मी ओसरीवर निजलो होतो
[००:१२:१३] मी आत होते लेकराजवळ
[००:१२:१६] मी दार उघडलं

येथे ओळी श्वासाच्या विरामावर तुटल्या आहेत, वक्ता बदलल्यावर नव्हे. पहिल्या दोन ओळी प्रश्नकर्त्याच्या असून त्यांचा एक परिच्छेद होतो. ‘निजलो होतो’ व ‘होते’ या क्रियापदांच्या लिंगावरून पुढील दोन ओळी अनुक्रमे पती व पत्नी यांच्या ठरतात. शेवटच्या ओळीत मात्र हा आधार तुटतो; कारण ‘उघडलं’ हे क्रियापद ‘दार’ या कर्माप्रमाणे चालते, कर्त्याप्रमाणे नव्हे. लेकरापर्यंत प्रथम कोण पोहोचले, याचे उत्तर या ओळीवर अवलंबून असल्याने ती अंदाजाने कोणाच्याही नावे न घालता ध्वनिफितीतील तेवढा भाग पुन्हा ऐकावा लागतो. आवाज ओळखू न आल्यास ‘वक्ता अनिश्चित’ असे लिहितात.

वक्ते निश्चित झाल्यावर प्रत्येक परिच्छेदारंभी नाव, त्यापुढे त्याच्या पहिल्या ओळीची कालनोंद व अपूर्णविराम हा एकच क्रम ठेवतात, उदा., ‘प्रश्नकर्ता [००:१२:०४] : ३:५६ ला हादरा बसला तेव्हा तुम्ही कुठं होता?’. मधल्या कालनोंदी गाळतात. त्या यांत्रिक शोध-बदलाने काढताना केवळ अंक व अपूर्णविराम यांवर विसंबल्यास प्रश्नातील भूकंपाची वेळही पुसली जाते. म्हणून चौकटी कंसांसह पूर्ण नोंदच शोधावी लागते. विरामचिन्हे संपादक घालतो, परंतु ‘कुठं’, ‘उघडलं’ यांसारखी बोलीरूपे प्रमाण भाषेत बदलत नाही. दोघे एकाच वेळी बोलल्यास दोन्ही परिच्छेद ठेवून चौकटी कंसात तशी सूचना देतात.

अखेरीस नव्या मजकुरातील नावे, सूचना व विरामचिन्हे आणि दोन्ही मजकुरांतील कालनोंदी वगळून शब्दक्रम पडताळतात. तो जुळल्यास एकही शब्द गळला नाही, एवढे सिद्ध होते. शब्द योग्य वक्त्याच्या नावे पडले की नाही, हे मात्र ध्वनिफीत ऐकूनच कळते. त्यामुळे मूळ प्रतिलेख व ध्वनिफीत दोन्ही जतन करतात.