हप्ता आला, तेवढाच नफा

कर्जतच्या बाजारातला दुकानदार खोपोलीच्या एका ढाबेवाल्याला डीप फ्रीझर हप्त्यावर देतो, असं समजा. किंमत 40,000 रुपये, दुकानदाराची खरेदी 30,000. मग 10,000 नफा आजच झाला का?

आपल्याकडच्या लेखामानकाप्रमाणे सहसा हो, फक्त व्याज वेगळं काढायचं. पण पैसे येतील याचीच खात्री नसेल, तर नफा वसुलीबरोबर धरण्याची जुनी रीत अधिक प्रामाणिक वाटते. इथे विक्रीत 25 टक्के नफा आहे, म्हणून आलेल्या प्रत्येक रुपयातले 75 पैसे खरेदीची भरपाई आणि 25 पैसे नफा. उरलेला नफा वहीत 'न मिळालेला' म्हणून थांबतो.

ढाबेवाल्याने 16,000 भरले आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक आटल्यावर हप्ते थांबले. तोवर नफा धरला 4,000. येणं राहिलं 24,000, पण त्यात 6,000 कधीच न धरलेला नफा आहे. खरी अडकलेली रक्कम 18,000.

आता फ्रीझर परत आला. त्याची किंमत ठरवणं हेच कठीण काम. दुरुस्त करून तो 16,000 ला विकला जाईल. त्यातून दुरुस्तीचे 1,000 आणि जुन्या मालावरचा नेहमीचा नफा 2,000 वजा केला, की 13,000 उरतात. तोटा 5,000. काही जण 24,000 शी तुलना करून 11,000 तोटा दाखवतात, म्हणजे न कमावलेला नफाही गमावल्याचं मांडतात. त्याहून वाईट म्हणजे, परतलेला माल थेट 18,000 ला वहीत चढवणं. तेव्हा तोटा दिसतच नाही. फ्रीझर पुन्हा विकताना तो उघडा पडतो.