स्पीकर घराचा, आवड कुणाची?

अनंत चतुर्दशी उलटून आठवडा होतो, मांडव उतरतात, पण फोनमधलं गाण्याचं ॲप मात्र आरत्याच सुचवत राहतं. घरात लहान मूल असेल तर हीच तऱ्हा बडबडगीतांची, आणि नवरात्रानंतर गरब्याची. ॲप बिघडलं असं आपण म्हणतो. खरं तर ते शिकवल्याप्रमाणे चोख काम करत असतं. फक्त त्या दिवसांत त्याला शिकवणारं माणूस एक नव्हतं, अख्खं घर होतं. हे शिक्षण नेमकं कसं होतं, ते स्पॉटिफायच्या ‘डेली मिक्स’चं उदाहरण घेऊन पाहू. ते कळलं की दुरुस्तीही नेमकी करता येते.

डेली मिक्स सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. त्याआधी वर्षभर, जुलै २०१५ मध्ये, याच कंपनीने ‘डिस्कव्हर वीकली’ सुरू केलं होतं. दर सोमवारी न ऐकलेली गाणी समोर ठेवायची, हे त्याचं काम. डेली मिक्सचं काम निराळं आहे. तुमच्या ओळखीची गाणी घ्यायची, त्यांच्या जातकुळीनुसार वाटण्या करायच्या आणि प्रत्येक वाटणीत थोडी नवी गाणी पेरायची. अशी जास्तीत जास्त सहा मिक्स तयार होतात. सहा हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

जातकुळी ठरते कशी? यात मुख्य पद्धत ‘कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग’ची. यंत्राला राग, ताल, शब्द यांतलं काहीही कळावं लागत नाही. कोट्यवधी लोकांच्या याद्यांमध्ये आणि ऐकण्याच्या सत्रांमध्ये कोणती गाणी एकमेकांच्या सोबतीने येतात, एवढंच ते पाहतं. त्यावरून प्रत्येक गाण्याला आकड्यांची एक ओळ मिळते आणि ते गाणं एका प्रचंड नकाशावरचा ठिपका बनतं. सोबतीने ऐकली जाणारी गाणी नकाशावर शेजारी बसतात. तुम्ही ऐकलेल्या गाण्यांचे ठिपके जिथे दाटीने पडतात, तिथे एक पुंजका होतो. एक पुंजका म्हणजे ढोबळमानाने एक मिक्स. त्या पुंजक्याच्या आसपासचे, तुम्ही अजून न ऐकलेले ठिपके म्हणजे त्या मिक्समधली नवी गाणी.

जोडीला गाण्याच्या ध्वनीचंही विश्लेषण होतं. त्यासाठी स्पॉटिफायने २०१४ मध्ये ‘द एको नेस्ट’ ही अमेरिकी कंपनी विकत घेतली होती. नुकतंच आलेलं, कुणीच न ऐकलेलं गाणं नकाशावर कुठे ठेवायचं, हे ठरवायला ध्वनीचा आधार लागतो. पण ध्वनी पुरेसा नसतो. पंडित भीमसेन जोशींचा ख्याल आणि त्यांचाच अभंग घ्या. आवाज तोच, तानपुरा आणि तबला दोन्हीकडे. नुसत्या ध्वनीवर विसंबलं तर दोन्ही जवळ येतील. ऐकणाऱ्यांच्या सवयी पाहिल्या, तर ख्याल इतर ख्यालांच्या आणि अभंग इतर भक्तिगीतांच्या शेजारी जाऊन बसतो. कारण पहाटे अभंग लावणाऱ्या कित्येक घरांत विलंबित ख्याल कधीच वाजत नाही.

आता मुद्दा येतो तो आवडीचा. एखादं गाणं तुम्हाला आवडलं, हे यंत्राला कोण सांगतं? लाईक केलं, आपल्या यादीत टाकलं, नाव टाइप करून शोधलं, तर खूण स्पष्ट असते. पण बहुतेक गाण्यांच्या बाबतीत आपण असं काहीच करत नाही. मग उरतात दोन अप्रत्यक्ष खुणा: गाणं शेवटपर्यंत वाजलं, की सुरुवातीलाच पुढे ढकललं. पूर्ण वाजलं म्हणजे रुचलं आणि ढकललं म्हणजे नको होतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

एकटा माणूस कानात हेडफोन घालून ऐकत असेल, तर हा अर्थ बऱ्यापैकी खरा ठरतो. घरच्या स्पीकरवर मात्र तो कोसळतो. फोन चार्जिंगला लावलेला असतो, माणसं स्वयंपाकघरात किंवा पाहुण्यांत गुंतलेली असतात, आणि गाणं ढकलायला कुणाचा हातच मोकळा नसतो. त्यामुळे सामायिक ऐकण्यात जवळजवळ प्रत्येक गाणं पूर्ण वाजतं. बाळाला झोपवणारं एकच गाणं रात्रीत वीसदा वाजतं, तेही एकदाही न ढकलता. यंत्राच्या लेखी याहून मोठी पसंती असूच शकत नाही. ज्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, तेच सर्वांत आवडतं ठरतं.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिका रोज शाळेत जाता-येता पंचवीसेक गाणी ऐकतात: दहा नाट्यपदं, दहा जुनी हिंदी चित्रपटगीतं आणि पाच भावगीतं. महिन्याला ही साडेसातशे गाणी झाली. गणपतीत त्यांचाच फोन घरच्या स्पीकरला जोडलेला असतो आणि रोज पाच तास आरत्या आणि भक्तिगीतं चालतात. एक गाणं सरासरी चार मिनिटांचं धरलं, तर दिवसाला पंचाहत्तर आणि दहा दिवसांत साडेसातशे. म्हणजे दहा दिवसांच्या भक्तिगीतांनी महिन्याभराच्या स्वतःच्या ऐकण्याशी बरोबरी केली. शिवाय बसमध्ये त्या नको ते गाणं ढकलतात, घरी कुणीच ढकलत नाही. म्हणून पारडं बरोबरीच्याही पलीकडे झुकतं. कोणत्या खुणेला किती वजन, हे कंपनी जाहीर करत नाही. पण दिशा कळायला एवढा हिशेब पुरे.

त्यानंतर त्यांच्या मिक्समध्ये दोन प्रकारचे बदल दिसू शकतात, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. पहिला प्रकार निरुपद्रवी. निव्वळ आरत्यांचं एक स्वतंत्र मिक्स तयार होतं. ते वाजवलं नाही की झालं. फक्त जागा सहाच असल्यामुळे एखादा छोटा पुंजका, इथे महिन्याला दीडशे गाण्यांचा भावगीतांचा, बाहेर ढकलला जाण्याची शक्यता असते. दुसरा प्रकार खरा त्रासाचा: जुन्या मिक्समध्ये भेसळ. लता मंगेशकरांची चित्रपटगीतंही आहेत आणि त्यांनी गायलेली आरतीही घरोघरी वाजते. दोन्ही ऐकणारे असंख्य असल्याने हे दोन पुंजके एकमेकांत मिसळायला वाट मिळते. मिक्सच्या चित्राखाली कलाकारांची नावं दिलेली असतात. ती वाचली, पहिली दहा-बारा गाणी पाहिली, की आपल्याकडे कोणता प्रकार झाला आहे ते कळतं.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे आधीच्या ऐकण्याचं वजन कमी करणं. २०२३ पासून स्पॉटिफायमध्ये यासाठी सोय आहे. ज्या यादीतून आरत्या वाजल्या, ती उघडायची, तीन टिंबांवर बोट ठेवायचं आणि `Exclude from your taste profile` निवडायचं. त्या यादीतून यापुढे वाजलेलं आणि याआधी वाजलेलंही तुमच्या आवडीच्या हिशेबात कमी धरलं जातं. कमी धरलं जातं, पुसलं जात नाही, हे लक्षात घ्यावं. यादी वगळण्याचा परिणाम त्या यादीपुरताच असतो. तीच आरती शोधून स्वतंत्रपणे लावली, तर ती नेहमीसारखी मोजली जाण्याचीच शक्यता जास्त. यादी संपल्यावर ॲप आपणहून तशीच गाणी सुरू करतं, तीही यादीबाहेरची असतात. म्हणून सेटिंग्जमधलं `Autoplay` बंद ठेवावं किंवा यादी पुनःपुन्हा वाजेल असं करावं.

दुसरी पायरी, घरातल्या इतरांनी उमटवलेल्या ठळक खुणा काढणं. भाच्याने दहा गाण्यांना लाईक केलं असेल, आत्याने एखाद्या गायकाला फॉलो केलं असेल. जतन केलेल्या गोष्टी दीर्घकाळ बोलत राहतात. ‘लाईक्ड साँग्स’ची यादी अलीकडच्या तारखेपासून उलटी पाहत जावी आणि जे आपलं नाही ते काढून टाकावं.

तिसरी पायरी सर्वांत परिणामकारक, आणि नेमकी तीच टाळली जाते. बिघडलेलं मिक्स लावून नकोशी गाणी ढकलत बसणं हा सर्वांचा पहिला उपाय. त्याने यंत्राला काय नको ते कळतं, पण काय हवं ते कळत नाही. आणि मधेच आपलं लक्ष उडालं, की भेसळीतली चार गाणी पुन्हा पूर्ण वाजतात. यंत्राने सुचवायचं, आपण वाजू द्यायचं आणि यंत्राने तेच प्रमाण मानायचं, असं चक्र सुरू होतं. त्याऐवजी काही आठवडे मिक्सकडे जाऊच नये. आपल्या शिक्षिकाबाईंनी भावगीतांची स्वतःची यादी करावी, नाट्यपदं नाव शोधून लावावीत आणि तीच ऐकावीत. आपले पुंजके पुन्हा दाट होत गेले, की मिक्स त्यांच्यामागे येतात. मिक्समधली गाणी रोज बदलतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी फरक शोधू नये. आठवड्यातून एकदा कलाकारांची नावं पाहावीत. भेसळीतली नावं मागे सरकली आणि आपला हरवलेला गायक परत दिसला, की दिशा बरोबर आहे.

इतर सेवांमध्ये रचना थोडी निराळी आहे. यूट्यूब म्युझिकमध्ये ऐकण्याचा इतिहास उघडून एकेक गाणं त्यातून काढता येतं आणि पाहुणे येण्याआधी इतिहासाची नोंदच थांबवता येते. ॲपल म्युझिकमध्ये त्या उपकरणावरचं `Use Listening History` बंद करता येतं. स्पॉटिफायमध्ये ऐकलेलं गाणं इतिहासातून खोडण्याची सोय नाही. तिथे नको त्याचं वजन घटवणं आणि हवं त्याचं वाढवणं, एवढंच हातात राहतं.

म्हणून पुढच्या गणपतीची तयारी आधीच करणं सोपं. एका संध्याकाळचा प्रश्न असेल, तर `Private session` सुरू करावं. मात्र बराच वेळ ॲप वापरलं नाही तर ते आपोआप संपतं, म्हणून दहा दिवस त्याच्या भरवशावर राहू नये. दहा दिवसांसाठी वगळलेली यादी बरी. आणि घरात रोजच स्पीकर चालत असेल, तर त्याला कुणाचंही वैयक्तिक खातं जोडू नये. एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठीच्या सामायिक योजनेत एकाहून अधिक खाती मिळतात. त्यातलं एक सरळ स्पीकरच्या नावाने ठेवावं. त्या खात्यात आरत्या, अंगाईगीतं आणि गरबा खुशाल एकत्र नांदू देत. त्याची मिक्स कुणाला बसमध्ये ऐकायची नसतात.