इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएचची, मग पाच तास का टिकली नाही?

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वीजवाहिन्यांमधल्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे, कल्याण सगळीकडे एकदम वीज गेली. मी तेव्हा नोकरीला नवीन होतो, कल्याणच्या घरातून काम करायचो, आणि दुपारी दोनला टीमचा महत्त्वाचा कॉल होता. पंखे, दोन लॅपटॉप, राउटर आणि दिवे मिळून लोड साधारण ३०० वॉट. बॅटरी १५० एएचची, जेमतेम वर्षभर वापरलेली. गणित केलं आणि घरी सांगितलं, "पाच तास काळजी नको." सव्वा वाजता इन्व्हर्टर बीप करू लागला आणि थोड्याच वेळात बंद पडला.

माझं गणित असं होतं. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी सोपा हिशोब म्हणजे वॉटला १० ने भागायचं. ३०० वॉट म्हणजे ३० अँपिअर. १५० भागिले ३०, पाच तास. भागाकार बरोबर होता, १५० हा आकडा चुकीच्या ठिकाणी वापरला होता.

बॅटरीवरचं लेबल नीट वाचा. १५० एएचच्या शेजारी बहुतेक वेळा सी-२० लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ही बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी केली तर १५० एएच देईल. म्हणजे फक्त साडेसात अँपिअरने, एका साध्या सीलिंग फॅनएवढ्या लोडवर. मी त्याच्या चौपट वेगाने वीज ओढत होतो.

वेगाने ओढल्यावर कमी का मिळते? लेड-अ‍ॅसिड बॅटरीत अ‍ॅसिड नुसतं भरलेलं नसतं, वीज तयार होताना ते खर्चही होतं. शिशाच्या प्लेट स्पंजसारख्या सच्छिद्र असतात. छिद्रांमधलं अ‍ॅसिड संपलं की बाहेरचं अ‍ॅसिड आत झिरपावं लागतं, आणि हे झिरपणं संथ असतं. लोड कमी असेल तर पुरवठा जमून जातो. लोड जास्त असेल तर छिद्रं उपाशी राहतात, शिवाय तयार होणारं लेड सल्फेट पृष्ठभागावर साचून वाट अडवतं. व्होल्टेज लवकर घसरतं आणि साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बॅटरी संपली असं समजून बंद होतो. आतल्या भागात मात्र न वापरलेला माल शिल्लक असतो.

म्हणूनच त्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाने फक्त राउटर आणि एक दिवा लावला, तर ते चालले. मधल्या वेळात अ‍ॅसिड आत झिरपलं होतं. बॅटरी नुसती थकली आहे की खराब झाली आहे, हे यावरून थोडंफार ओळखता येतं. विश्रांतीनंतर हलका लोडही लगेच बसत असेल, तर बॅटरी तपासून घ्या.

या घसरणीचं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलं. माझ्या बॅटरीसाठी, ३० अँपिअर लोडवर, ते फोनच्या ब्राउझरमध्ये सर्चच्या जागी असं टाइप करता येईल:

```
20*(7.5/30)^1.3
```

उत्तर येतं साधारण ३.३ तास. १५० ऐवजी जेमतेम १०० एएच हाती लागले. यातला 1.3 हा बॅटरीच्या प्रकारावर ठरतो. पाणी भरायच्या बॅटरीसाठी तो अंदाजे १.२ ते १.४ धरतात. आपल्या फोनच्या लिथियम बॅटरीत तो १ च्या अगदी जवळ असतो, म्हणून फोनमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही.

कॅल्क्युलेटर नको असेल तर एवढं लक्षात ठेवा: लोड दुप्पट झाला की वेळ निम्मा होत नाही, अडीचने भागला जातो. ७५ वॉटवर २० तास, १५० वॉटवर ८, ३०० वॉटवर सव्वातीन, ६०० वॉटवर जेमतेम सव्वा तास.

हा आकडा नव्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा आहे. तीन-चार वर्षं जुन्या बॅटरीसाठी मी तो सरळ निम्मा करतो.

२०२१ मध्ये शेजारच्या काकांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला, तोही ३०० वॉटचा. बॅटरी १५० एएचचीच, पण चार वर्षं जुनी. त्यांच्या मुलाने विचारलं, "पाच तास जातील ना रे?" मी म्हटलं, "दीड तास धर, आणि सिलिंडर भरून शेजारी ठेव." त्याने त्याच संध्याकाळी सिलिंडर आणून ठेवला.