आठवड्यात पायांचे कठीण दिवस किती?

पुण्यात सहकारनगरला राहणारा माझा एक मित्र वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी व्यायामाला मनापासून लागला. सोमवारी जिममध्ये स्क्वॉट, मंगळवारी इंटरव्हल, बुधवारी छाती-खांदे, गुरुवारी तळजाईवर पाच किलोमीटर जोरात धावणं, शुक्रवारी डेडलिफ्ट, शनिवारी ग्रुपबरोबर पुन्हा धावणं आणि रविवारी सुट्टी. पहिला महिना छान गेला. सहाव्या आठवड्यात मात्र ज्या 80 किलोने तो आरामात पाच स्क्वॉट मारायचा, तेच वजन तिसऱ्या उठाबशीला अडायला लागलं. धावण्याचा वेगही वाढेना. सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी 58 वरून 66 वर गेली होती. आपण कमी पडतोय असं वाटून तो आणखी एक सत्र वाढवायच्या बेतात होता.

त्याची वही घेऊन आम्ही बसलो. पायांना खरा ताण देणाऱ्या प्रत्येक दिवसाभोवती मी गोल काढला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सातांपैकी पाच गोल. त्याच्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्या गोलांत होतं.

या प्रकाराचा पहिला नीट अभ्यास 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने प्रसिद्ध केला. त्याने तीन गट केले. एक फक्त वजनं उचलणारा, दुसरा फक्त दमसासाचा व्यायाम करणारा आणि तिसरा दोन्ही पूर्ण करणारा. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वजनं उचलणाऱ्यांच्या बरोबरीने वाढली. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास ती थांबली आणि शेवटी चक्क उतरू लागली. दमसास मात्र व्यवस्थित वाढला. तेव्हापासून ‘कार्डिओने ताकद जाते’ हे वाक्य जिममध्ये रूढ झालं.

पण हिक्सनच्या त्या गटाचं वेळापत्रक पाहायला हवं. आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम, तोही दम काढणाऱ्या वेगाने. निवांत असा एकही दिवस नव्हता. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष बराच सौम्य आहे. बेताने केलेल्या कार्डिओमुळे स्नायूंची वाढ आणि वजन उचलण्याची ताकद फारशी अडत नाही. थोडा फटका बसतो तो झटक्यात जोर लावण्याच्या क्षमतेला, आणि तोही दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केले तर जास्त. म्हणजे कबड्डीपटूने याची काळजी करावी, आपल्यासारख्यांनी आठवडा नीट मांडावा.

मांडणीचं सूत्र सोपं आहे. कठीण कामं एकाच दिवसावर आणायची, म्हणजे उरलेले दिवस खरोखर मोकळे राहतात. पायांचा जड व्यायाम आणि इंटरव्हल वेगवेगळ्या दिवशी ठेवले की पाय रोज थोडे थोडे थकलेले राहतात आणि त्यांना भरून निघायला सलग दोन रात्री मिळतच नाहीत. हेच दोन्ही एका दिवशी केले तर तो दिवस जड जातो, पण पुढे सलग विश्रांती मिळते.

मित्राचा आठवडा आम्ही असा बदलला. सोमवारी छाती, पाठ, खांदे. मंगळवारी सकाळी स्क्वॉट आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर इंटरव्हल. बुधवारी 40 मिनिटं निवांत सायकल. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी अंगभर व्यायाम, त्यात डेडलिफ्टचे फक्त तीन सेट. शनिवारी हवं तर चालणं. रविवारी तळजाईवर सव्वा तास निवांत धावणं. पाच गोलांचे दोन झाले, व्यायामाचे तास मात्र जवळपास तेवढेच राहिले.

मंगळवारी दोन सत्रांत सहा तासांहून जास्त अंतर राहतं आणि मध्ये दोन वेळा पोटभर जेवण होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण रिकाम्या पोटी केलेले इंटरव्हल रडतखडत होतात. ज्याला दिवसातून एकदाच वेळ मिळतो त्याने, ताकद हे मुख्य उद्दिष्ट असेल तर, आधी वजनं उचलावीत आणि मग छोटे इंटरव्हल करावेत. दमलेल्या पायांनी जड स्क्वॉट करताना कंबर वाकते आणि दुखापत तिथेच होते.

इंटरव्हलही आम्ही धावण्याऐवजी सायकलवर नेले. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू अंगाचा भार झेलत ताणले जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. सायकलवर हृदयाला तेवढंच काम मिळतं, पायांना मात्र तो मार बसत नाही. पद्धत चार मिनिटांच्या चार फेऱ्यांची, मध्ये तीन मिनिटं हलकं पेडल. त्याने पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या केल्या. वेग असा हवा की तिसऱ्या मिनिटाला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथी फेरी पहिलीइतकीच व्हावी. चौथी फेरी ढेपाळली तर पहिली अति जोरात झाली असं समजावं. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फेऱ्यांना हात लावू नये.

सगळ्यात अवघड गेलं ते निवांत धावणं. निवांत म्हणजे शेजारी धावणाऱ्याला एखादा किस्सा पूर्ण वाक्यांत सांगता येईल असा वेग. तळजाईच्या चढावर मित्राचं बोलणं तुटायचं, म्हणून चढ आला की चालायचं, असा नियम केला. त्याला आधी लाज वाटली, मागून येणारे पुढे जात होते. पण मधल्या वेगाने रोज धावणं हाच त्याच्या जुन्या आठवड्याचा दोष होता. तो वेग दम वाढवण्याइतका जोरकस नसतो आणि थकवा टाळण्याइतका हलकाही नसतो.

चौथ्या आठवड्यात 80 किलोचे पाच स्क्वॉट परत आले. आठव्यात 85 किलो झाले. सकाळची नाडी पुन्हा साठच्या आत आली.

तरीही एखादा आठवडा बिघडतो. झोप कमी होते, घरात लग्नकार्य निघतं. अशा वेळी तीन खुणा पाहाव्यात. सरावाचं हलकं वजनही जड लागणं, इंटरव्हलची शेवटची फेरी ढेपाळणं आणि सकाळची नाडी सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असणं. यातल्या दोन दिसल्या की त्या आठवड्यातून इंटरव्हल काढून टाकावेत. वजनांचे सेट थोडे कमी करावेत. निवांत सत्रं ठेवावीत, कारण त्यांचा भार सगळ्यात कमी असतो.

आज रात्री तुमचा आठवडा कागदावर लिहा आणि पायांच्या कठीण दिवसांभोवती गोल काढा. गोल दोनापेक्षा जास्त निघाले, तर नवं सत्र वाढवण्याआधी ते दोनावर आणा.