खेळ अंथरुणावरून हलवा

समजा, पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा 19 वर्षांचा एक विद्यार्थी आहे. रात्री जेवण झालं की चौघांचा स्क्वॉड जमतो आणि मोबाईलवर बीजीएमआय सुरू होतं. शेवटपर्यंत टिकलं तर मोठ्या नकाशावरचा एक सामना साधारण अर्धा तास चालतो. रँक पुश करायची असते, त्यामुळे एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं करत दोन वाजतात. हा सगळा वेळ तो कॉटवरच असतो. आधी भिंतीला टेकून, मग कुशीवर आणि शेवटी उताणा, मोबाईल तोंडावर धरून. काही महिन्यांनी डोळे चुरचुरू लागतात, अंगठ्याच्या बाजूने मनगट ठणकतं आणि दिवा घालवूनही झोप येत नाही. मग डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारा चष्मा येतो, मनगटाला क्रेप बँडेज आणि झोपेसाठी मोबाईलचा पिवळा नाइट मोड.

माझं मत असं, की या तिन्ही दुखण्यांच्या मुळाशी दोनच सवयी आहेत : आडवं पडून खेळणं आणि दोन सामन्यांच्या मध्ये न उठणं.

डोळ्यांपासून सुरुवात करू. जवळचं पाहताना डोळ्यातला एक लहानसा स्नायू आवळून भिंगाचा आकार बदलतो. मोबाईल जितका जवळ, तितका त्याला ताण जास्त. कुशीवर पडल्यावर मोबाईल नकळत 20 सेंटीमीटरवर येतो. तोच 40 सेंटीमीटरवर धरला, तर त्या स्नायूचं काम निम्म्यावर येतं. खेळ संपल्यावर दूरचं काही क्षण धूसर दिसतं, ते हा आवळलेला स्नायू लगेच सैल होत नाही म्हणून. चुरचुरण्याचं कारण वेगळं आहे. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा पापण्या मिटतो. शत्रूचा माग काढताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं, आणि मिटल्या तरी अर्ध्याच मिटतात. अश्रूंचा पातळ थर सुकतो. त्यात पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखी लवकर. चष्म्याबद्दल सांगायचं, तर निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने 2023 मध्ये आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. ते पैसे नेत्रतपासणीवर खर्च करावेत, कारण न कळलेला लहानसा नंबरही असाच त्रास देतो.

मनगटाची गोष्ट थोडी निवांत समजून घ्यावी लागते. मोबाईल आडवा धरला, की त्याचं वजन खालून करंगळ्यांवर आणि बाजूंनी तळव्यांवर येतं, आणि अंगठे काचेवर अधांतरी फिरत राहतात. अंगठा उचलणाऱ्या आणि बाहेर ताणणाऱ्या दोन शिरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तास न् तास घासून त्या बोगद्याचं अस्तर जाड होतं. बादली उचलताना, कपडा पिळताना, किल्ली फिरवताना तिथे कळ येते ती यामुळेच. डॉक्टर याला ‘डी क्वेरवेन’ म्हणतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवून पाहा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, म्हणून दोन्ही हातांची तुलना करा. एकाच हाताला तीव्र कळ आली तर ती खूण आहे. उताणं पडून खेळताना कोपर दुमडलेलं राहतं आणि मनगटाला मोबाईल हवेत तोलावा लागतो, त्यामुळे हे सगळं लवकर वाढतं.

उपाय टेबल-खुर्चीचा आहे. दोन्ही हातांचे पुढचे भाग कोपरापासून टेबलावर टेकवायचे, मनगट हाताच्या रेषेत सरळ ठेवायचं आणि मोबाईल कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर धरायचा. मान फार वाकत असेल तर कोपरांखाली दोन-चार जाड पुस्तकं ठेवावीत. टेबल नसेल, तर जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसावं आणि मांडीवर घट्ट उशी घेऊन त्यावर हात टेकवावेत. पंखा तोंडावर येणार नाही अशी जागा निवडावी. खोलीतला दिवा चालू ठेवावा. खेळातही दोन बदल करता येतात. सेन्सिटिव्हिटी फार कमी असेल तर वळायला अंगठा लांबवर ओढावा लागतो. ती थोडी वाढवावी आणि सारखी लागणारी बटणं अंगठ्याच्या सहज टप्प्यात आणावीत. क्लॉ पकडीने किंवा जायरोस्कोपने अंगठ्यांचं काम वाटलं जातं, हे खरं. पण दुखतंय म्हणून एका रात्रीत जायरोवर गेलात, तर ते ओझं मनगटावर येतं. रोज एखादा सामना, इतकंच आधी.

आता विश्रांती. नेत्रतज्ज्ञ सांगतात, दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहा. अभ्यासाला बसलेल्याला हे जमेल. झोन आवळत असताना कुणी घड्याळ पाहत नाही. म्हणून विश्रांती सामन्याला बांधावी. विमानातून उडी मारेपर्यंत दहा वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. आपण बाद झालो आणि मित्र खेळत असतील, तर स्क्रीनला चिकटून राहू नये, कानाने ऐकावं आणि नजर खिडकीबाहेर टाकावी. सामना संपला की लॉबीत ‘स्टार्ट’ दाबण्याआधी मोबाईल खाली ठेवून उठायचं. दोन-तीन मिनिटं पुरतात : पाण्याची बाटली भरून आणा, गॅलरीतून लांबचा दिवा पाहा, मुठी हलक्याने उघडा-मिटा. दोन सामन्यांनंतर दहा-पंधरा मिनिटं. हे चौघांनी मिळून ठरवावं, कारण तिघे ‘रेडी’ होऊन थांबले असतील तर चौथा उठत नाही.

झोपेचं गणित आपल्या विद्यार्थ्यावरच मांडू. त्याला सातला उठायचं आहे, म्हणजे साडेअकराला झोप लागायला हवी. शेवटच्या सामन्यात हृदयाचे ठोके वाढलेले असतात, डोक्यात डाव चालू असतो. ते निवायला तास तरी हवा. पिवळ्या स्क्रीनने प्रकाश मंदावतो, ही उत्तेजना नाही. म्हणून ‘साडेदहाला थांबायचं’ असं न ठरवता ‘दहानंतर नवा सामना सुरू करायचा नाही’ असं ठरवावं. सुरू झालेला सामना कुणी सोडत नाही. न सुरू केलेला सोडता येतो. रँकचे सामने आधी खेळावेत, कारण हरलेला रँक सामनाच ‘अजून एक’ म्हणायला लावतो. चहा-कॉफी संध्याकाळनंतर नको. दोनला झोपणारा एकदम साडेअकराला आला तर नुसता तळमळत पडेल. उठण्याची वेळ सातच ठेवावी, सुटीलाही, सकाळी बाहेर उजेडात जावं आणि झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं मागे आणावी. महिनाभर तरी लागेल. कॉटवर खेळणं बंद झालेलं असेल, तर पाठ टेकल्यावर मेंदू खेळाची वाट पाहत नाही, हा आसन बदलण्याचा आणखी एक फायदा.

दुखणं दुसऱ्या सकाळीही उरत असेल, तर दोन आठवडे खेळ पूर्ण बंद ठेवावा. वेदनाशामक गोळी घेऊन किंवा स्प्रे मारून खेळू नये. त्याने फक्त इशारा दबतो. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातून वस्तू सुटत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं आणि कोणती बोटं बधिर होतात ते नेमकं सांगावं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगटातल्या नसेवर दाब असण्याची शक्यता असते. करंगळी असेल तर बहुधा कोपराजवळच्या. डोळ्यांत मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असेल, तर लाली लगेच जाते आणि बरं वाटतं, पण महिनोन् महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. तो दुखत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.