तेल ४७ डॉलरनं महागलं, टक्केवारी मात्र उणे! एक्सेलमधलं हे गणित नेमकं कुठे फसतं?

२० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील डब्ल्यूटीआय कच्च्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलर प्रति बॅरलवर बंद झाला. लॉकडाऊनमुळे मागणी आटली होती. ओक्लाहोमातील कुशिंग इथं तेल साठवायला जागा जवळपास उरली नव्हती आणि दुसऱ्याच दिवशी वायद्याची मुदत संपणार होती. त्यामुळे तेल घेऊन जा म्हणून वर पैसे देण्याची वेळ विक्रेत्यांवर आली. मुंबईच्या एमसीएक्सवरही एप्रिलच्या वायद्याचा हिशेब उणे २,८८४ रुपयांना झाला.

आदल्या सत्रातला बंद भाव १८.२७ डॉलर होता, म्हणजे घसरण ५५.९० डॉलर, सुमारे ३०६ टक्के. शंभर टक्क्यांहून जास्त घसरण ऐकायला विचित्र वाटते, पण इथवर गणित बरोबर आहे.

खरी गंमत २१ एप्रिलची. त्या दिवशी भाव १०.०१ डॉलरवर बंद झाला, म्हणजे ४७.६४ डॉलरची वाढ. जुना भाव A2 मध्ये आणि नवा B2 मध्ये ठेवून नेहमीचं सूत्र लावलं तर?

```
=(B2-A2)/A2
```

उत्तर येतं उणे १२६.६ टक्के! वाढ अधिक चिन्हाची, पण तिला भागलं उणे संख्येनं, म्हणून चिन्ह उलटलं. एक्सेल इथं कोणतीही एरर दाखवत नाही, हेच जास्त धोक्याचं. जुनी किंमत शून्य असती तर निदान `#DIV/0!` तरी दिसलं असतं.

यावर अनेक जण छेदात `ABS(A2)` लिहितात. चिन्ह सुधारतं आणि उत्तर अधिक १२६.६ टक्के येतं. पण समजा, आदला भाव उणे १ डॉलर असता, तर १०.०१ पर्यंतची वाढ फक्त ११.०१ डॉलरची, टक्केवारी मात्र ११०१! वाढ लहान आणि टक्केवारी मोठी. अशा आकड्यांची तुलना करून हाती काहीच लागत नाही.

‘इतके टक्के’ म्हणजे जुन्या किमतीच्या दर शंभरामागे इतके. ती किंमतच शून्य किंवा उणे असेल, तर शंभर मोजायचे कशाचे? म्हणून अशा ओळींत टक्केवारी न देणं हेच बरोबर:

```
=IF(A2>0,(B2-A2)/A2,"लागू नाही")
```

शेजारच्या रकान्यात `=B2-A2` हा साधा फरक ठेवावा. नेहमीचं सूत्र वापरलेलं असेल, तर फरक अधिक आणि टक्केवारी उणे, किंवा उलट दिसलं, की जुना आकडा उणे आहे हे लगेच कळतं.

कंपन्यांच्या तिमाही निकालांतही हाच सापळा असतो. तोटा १० कोटींवरून २० कोटींवर गेला, तर नेहमीचं सूत्र १०० टक्के ‘वाढ’ दाखवतं. तिथं ‘तोटा दुप्पट’ असं सरळ लिहिलेलं बरं.